दोघींची बेरीज सारखी, मग नंबर वेगळा कसा?

वर्गशिक्षिका म्हणून ते माझे पहिलेच वर्ष होते. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले होते, निकालपत्रकात सगळ्या विषयांचे गुण चढवले होते, आडव्या-उभ्या बेरजा दोनदा ताळ्यावर आणल्या होत्या. शेवटचे काम राहिले होते ते क्रमांक घालण्याचे. मी एका कोऱ्या कागदावर सर्वांत जास्त बेरजेपासून सर्वांत कमी बेरजेपर्यंत नावे उतरवली आणि वरून खाली एक, दोन, तीन असे आकडे लिहीत गेले. चाळीस मुले, चाळीस क्रमांक. एकही आकडा दोनदा आला नाही, एकही सुटला नाही. काम नीटनेटके झाले असे मला वाटले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी एक वडील शाळेत आले. त्यांच्या हातात दोन प्रगतिपुस्तके होती, एक त्यांच्या मुलीचे आणि दुसरे शेजारच्या मुलीचे. दोन्ही त्यांनी माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी उघडून ठेवली आणि आवाज न चढवता विचारले, "बाई, दोघींची बेरीज एकच आहे. मग त्या मुलीचा दुसरा नंबर आणि माझ्या मुलीचा तिसरा, हे कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे कारण शोधायला मला घरी जाऊन तो कागद पुन्हा पाहावा लागला. आमच्या हजेरीपटावर नावे आडनावांच्या क्रमाने होती. मी पटावरून वरून खाली वाचत गेले होते, त्यामुळे सारख्या बेरजेच्या दोघींपैकी जिचे आडनाव आधी येते ती माझ्या यादीत वर बसली. तिला दुसरा क्रमांक परीक्षेने दिला नव्हता, आडनावाच्या पहिल्या अक्षराने दिला होता. आणि ही चूक त्या दोघींपुरती नव्हती. ज्यांची आडनावे वर्णमालेच्या शेवटी येतात, ती मुले अशा प्रत्येक बरोबरीत, दर वर्षी, प्रत्येक वर्गात एक पायरी खाली जात राहणार होती, आणि कुणाच्या लक्षातही येणार नव्हते.

त्या दिवसापासून क्रमांक घालणे हे माझ्यासाठी कारकुनी काम राहिले नाही. त्यातला नियम एकदा नीट कळला की तो कुणालाही दोन मिनिटांत समजावता येतो. तोच येथे सांगते.

क्रमांक म्हणजे नेमके काय?

आपण "नंबर घालतो" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर रांग येते. रांगेत प्रत्येकाची जागा वेगळी असते, म्हणून आपला हात आपोआप एक, दोन, तीन असा चालतो. पण परीक्षेत रांग लागत नाही. दोन मुले एकाच पायरीवर उभी असू शकतात. म्हणून क्रमांकाची व्याख्या रांगेवरून न करता एका साध्या प्रश्नावरून करावी लागते: या मुलापेक्षा जास्त गुण किती जणांना आहेत? जे उत्तर येईल त्यात एक मिळवायचा. तो त्याचा क्रमांक.

कुणालाच जास्त गुण नसतील तर शून्य अधिक एक, म्हणजे पहिला. तीन जण पुढे असतील तर चौथा. या व्याख्येत बरोबरीसाठी वेगळा नियम करावाच लागत नाही. सारख्या गुणांच्या दोन मुलांपुढे तेवढेच जण असतात, म्हणून त्यांचा क्रमांक आपोआप सारखा येतो. आणि त्यांच्या मागच्या मुलापुढे ते दोघेही असतात, म्हणून त्याचा क्रमांक मोजताना दोघांनाही धरावे लागते. समान क्रमांक का येतो आणि त्यानंतर एक आकडा का गाळला जातो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एवढेच आहे.

उदाहरणापुरता बारा मुलांचा एक छोटा वर्ग घेऊ. सहा विषय, एकूण गुण ६००. बेरजा उतरत्या क्रमाने अशा:

| हजेरी क्र. | एकूण गुण | क्रमांक |
|---|---|---|
| ७ | ५६१ | १ |
| ३ | ५४८ | २ |
| ११ | ५४८ | २ |
| १ | ५३९ | ४ |
| ९ | ५२७ | ५ |
| २ | ५१२ | ६ |
| ४ | ५१२ | ६ |
| १२ | ५१२ | ६ |
| ८ | ४९८ | ९ |
| ५ | ४८० | १० |
| १० | ४६६ | ११ |
| ६ | ४५१ | १२ |

हजेरी क्रमांक ३ आणि ११ यांच्यापुढे एकच मूल आहे, म्हणून दोघांचाही दुसरा क्रमांक. हजेरी क्रमांक १ ला ५३९ गुण आहेत आणि त्याच्यापुढे तीन जण आहेत, म्हणून तो चौथा. या वर्गात तिसरा कुणीच नाही. पुढे ५१२ वर तिघे आहेत. त्यांच्यापुढे पाच जण, म्हणून तिघेही सहावे. सातवा आणि आठवा क्रमांक रिकामा राहतो आणि ४९८ गुणांचे मूल नववे येते. जेवढे जण एका क्रमांकावर एकत्र आले, त्यापेक्षा एकने कमी इतके आकडे गाळायचे. दोघांसाठी एक, तिघांसाठी दोन.

"मग तिसरा नंबर कुठे गेला?"

हा प्रश्न पालक विचारतातच, विशेषतः चौथ्या क्रमांकाच्या मुलाचे पालक. दोन दुसरे आले तर पुढचा तिसरा का नाही, असे त्यांचे म्हणणे असते. आणि तशी पद्धतही आहे. तीत आकडा गाळत नाहीत. १, २, २, ३, ४, ५, ५, ५, ६, ७, ८, ९ असे क्रमांक पडतात. या पद्धतीत आपण मुले मोजत नाही, गुणांच्या वेगवेगळ्या पायऱ्या मोजतो. वरच्या बारा मुलांच्या बेरजांत नऊ वेगळे आकडे आहेत, म्हणून शेवटचे मूल नववे येते.

ही पद्धत चुकीची नाही. "गुणांची तिसरी पायरी कोणती?" असा प्रश्न असेल तर तिचे उत्तर बरोबर आहे. पण प्रगतिपुस्तकावर क्रमांक वाचणारा पालक तो प्रश्न विचारत नसतो. त्याला जाणून घ्यायचे असते की वर्गात आपल्या मुलापुढे किती जण आहेत. ४९८ गुणांच्या मुलाला न गाळता सहावा क्रमांक दिला, तर पुढे पाचच जण आहेत असे घरी वाटेल. प्रत्यक्षात आठ जण पुढे आहेत. आणि शेवटच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर "१२ पैकी ९ वा" असे येईल, म्हणजे मागे तिघे आहेत असा समज होईल. मागे कुणीच नाही.

याहून गंभीर अडचण म्हणजे न गाळता दिलेला क्रमांक त्या मुलाच्या हातात राहत नाही. समजा वरच्या तीन ५१२ वाल्यांपैकी एकाला फेरतपासणीत एक गुण वाढून ५१३ झाले. ४९८ वाल्या मुलापुढे आधीही आठ जण होते, आताही आठच आहेत. आकडे गाळण्याच्या पद्धतीत त्याचा नववा क्रमांक तसाच राहतो. न गाळण्याच्या पद्धतीत मात्र पायऱ्या एकने वाढतात आणि तो सहाव्यावरून सातव्यावर घसरतो. त्याचे गुण बदलले नाहीत, त्याला कुणी नव्याने मागे टाकले नाही, तरी क्रमांक घसरला. अशा क्रमांकाचे समर्थन पालकांसमोर करता येत नाही. म्हणून वर्गातल्या स्थानासाठी गाळण्याची पद्धतच धरावी, असे माझे मत आहे.

आकडा गाळण्याचा हा नियम फक्त शाळेपुरता नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२१ रोजी झालेली पुरुषांची उंच उडी अनेकांना आठवत असेल. कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जियानमार्को तांबेरी या दोघांनी २.३७ मीटर उंची पार केली. त्या उंचीपर्यंत दोघांचीही एकही उडी चुकली नव्हती, आणि २.३९ मीटरवर दोघेही तिन्ही प्रयत्नांत अपयशी ठरले. आणखी उड्या घेऊन निकाल लावण्याचा पर्याय होता, पण दोघांनी सुवर्णपदक विभागून घेतले. बेलारूसच्या मॅक्सिम नेदासेकाऊनेही २.३७ मीटर पार केले होते, पण त्याच्या आधीच्या चुकलेल्या उड्या मोजल्या गेल्याने तो मागे राहिला. त्याला मिळाले कांस्य. दोन सुवर्ण, एक कांस्य, रौप्य कुणालाच नाही. त्याच्यापुढे दोघे होते, म्हणून तो तिसरा.

बक्षीस वाटताना

क्रमांकाचा प्रश्न कागदावर सुटला तरी बक्षीस समारंभात तो पुन्हा उभा राहतो. शाळेकडे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची अशी तीन बक्षिसे आहेत. आपल्या वर्गात एक पहिला आणि दोन दुसरे आले. तीन मुले, तीन बक्षिसे. तिसऱ्या क्रमांकाचे बक्षीस दुसऱ्या दुसऱ्याला द्यायचे का?

वक्तृत्व आणि एकांकिका स्पर्धांच्या निकालांत "द्वितीय क्रमांक विभागून" हे शब्द आपण नेहमी ऐकतो. त्यामागचा हिशेब सरळ आहे. दोघांनी मिळून दुसरी आणि तिसरी अशा दोन जागा व्यापल्या आहेत, म्हणून त्या दोन जागांची रक्कम एकत्र करून निम्मी-निम्मी वाटायची. दुसरे बक्षीस ७०० रुपये आणि तिसरे ५०० रुपये असेल, तर १२०० रुपये होतात आणि प्रत्येकाला ६०० मिळतात. शाळेचा खर्च एक रुपयाही वाढत नाही आणि चौथ्या मुलाचाही काही हक्क बुडत नाही, कारण पहिल्या तिघांत तो नव्हताच.

हीच कल्पना क्रमांकालाही लावतात. दुसरी आणि तिसरी जागा व्यापणाऱ्या दोघांना दोन आणि तीनची सरासरी, म्हणजे अडीच क्रमांक द्यायचा. सहावी, सातवी, आठवी जागा व्यापणाऱ्या तिघांना सात. संख्याशास्त्रात दोन परीक्षांमधले क्रमांक ताडून पाहताना हे सरासरी क्रमांक वापरतात, कारण त्यात क्रमांकांची एकूण बेरीज बिघडत नाही. बारा मुलांच्या क्रमांकांची बेरीज बरोबरी नसताना ७८ येते, आणि अडीच-अडीच, सात-सात-सात धरूनही ७८ च येते. पण प्रगतिपुस्तकावर अडीचवा क्रमांक लिहू नये. तिथे "२ रा, विभागून" एवढे पुरे.

बरोबरी फोडायची असेल तर

काही ठिकाणी मात्र बरोबरी ठेवून चालत नाही. आपल्या वर्गातून स्पर्धेसाठी सहा मुले पाठवायची आहेत असे समजा. पाच जण ठरले, पण सहाव्या क्रमांकावर तिघे आहेत. आठ मुलांना पाठवता येत नाही आणि तिघांतून एक निवडायचा तर कारण द्यावे लागते. अशा वेळी दुसरी कसोटी लावतात.

दुसरी कसोटी कोणती हे शाळेने ठरवावे, पण तिला दोन अटी हव्यात. ती परीक्षेआधी सूचनाफलकावर लागलेली असावी आणि ज्यासाठी निवड आहे त्या कामाशी तिचा संबंध असावा. स्पर्धा गणिताची असेल तर एकूण गुण सारखे असलेल्यांचे गणिताचे गुण पाहणे योग्य. निकाल लागल्यावर, कोणते मूल कुठे आहे हे दिसत असताना कसोटी ठरवली, तर ती कितीही योग्य असली तरी कुणाचा विश्वास बसत नाही. आणि आडनाव, हजेरी क्रमांक, अर्ज आधी कुणी भरला या गोष्टी तर कसोट्याच नव्हेत.

समजा ५१२ गुणांच्या तिघांना गणितात असे गुण आहेत: हजेरी क्रमांक २ ला ८८, क्रमांक ४ ला ८१ आणि क्रमांक १२ ला ८८. आता क्रमांक कसे पडतील? ८८ वाल्या दोघांपुढे पूर्वीचेच पाच जण आहेत, म्हणून ते दोघे सहावेच राहतात. ८१ वाल्यापुढे ते पाच आणि हे दोघे असे सात जण झाले, म्हणून तो आठवा. आता सातवा आकडा गाळला गेला. कसोटीने तिघांची गाठ थोडी सोडवली, पूर्ण सोडवली नाही. तिसरी कसोटी जाहीर केलेली असेल तर ती लावायची, नसेल तर त्या दोघांचा क्रमांक समानच ठेवायचा.

देशपातळीवरच्या परीक्षाही याच वाटेने जातात. आयआयटी प्रवेशाच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये एकूण गुण सारखे आले तर आधी ज्याचे बरोबर उत्तरांचे गुण जास्त तो वर धरतात, मग गणिताचे आणि नंतर भौतिकशास्त्राचे गुण पाहतात. तरीही बरोबरी राहिली तर समान क्रमांक देतात. कसोट्यांना मर्यादा असते ती कुठे, हे २०२४ च्या नीट परीक्षेत दिसले. ४ जून २०२४ रोजी लागलेल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते आणि सगळ्यांना पहिला क्रमांक मिळाला. ज्याचे पैकीच्या पैकी गुण आहेत, त्याचे प्रत्येक विषयातले गुणही पैकीच्या पैकीच असतात. मग विषयवार कसोटी लावून त्यांच्यात फरक निघणार कुठून? वाढीव गुण रद्द झाल्यावर आणि भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर दुरुस्त झाल्यावर जुलैमध्ये सुधारित निकाल लागला. त्यात ७२० वाले १७ उरले.

संगणकावर क्रमांक घालताना

आता बहुतेक शाळांत निकालपत्रक एक्सेलमध्ये असते. तिथे समान क्रमांक आणि गाळलेले आकडे या दोन्ही गोष्टी एकाच सूत्रात होतात. एकूण गुण C स्तंभात, दुसऱ्या ओळीपासून तेराव्या ओळीपर्यंत असतील तर:

```
=RANK(C2,$C$2:$C$13,0)
```

शेवटचे शून्य म्हणजे जास्त गुणांना वरचा क्रमांक. नव्या आवृत्त्यांत हेच काम `RANK.EQ` करते आणि अडीच-अडीच असे सरासरी क्रमांक हवे असतील तर `RANK.AVG` आहे. आपण वर पाहिलेली "पुढे किती जण, अधिक एक" ही व्याख्या जशीच्या तशीही लिहिता येते:

```
=COUNTIF($C$2:$C$13,">"&C2)+1
```

आणि D स्तंभात गणिताचे गुण असतील, ते दुसरी कसोटी म्हणून लावायचे असतील, तर:

```
=COUNTIF($C$2:$C$13,">"&C2)+COUNTIFS($C$2:$C$13,C2,$D$2:$D$13,">"&D2)+1
```

पहिला भाग एकूण गुण जास्त असलेल्यांना मोजतो. दुसरा भाग एकूण गुण तेवढेच पण गणितात जास्त असलेल्यांना मोजतो. मग एक मिळवायचा. वरचे सहावे, सहावे आणि आठवे यातूनच निघतात.

या सूत्रात सर्वांत जास्त चुकते ते डॉलरचे चिन्ह. ते न लावता सूत्र खाली ओढले, तर प्रत्येक ओळीबरोबर मुलांची यादीही एक-एक ओळ खाली सरकते. दुसऱ्या मुलाची तुलना पहिल्याशी होत नाही, तिसऱ्याची पहिल्या दोघांशी होत नाही, आणि शेवटच्या मुलाची तुलना फक्त स्वतःशी होते. आपला बारा मुलांचा वर्ग हजेरी क्रमांकाने लावून मी हे करून पाहिले. ५६१ गुणांचे मूल पहिले आले, पण ५४८ चा हजेरी क्रमांक ११ ही पहिला आला आणि ५१२ चा हजेरी क्रमांक १२ सुद्धा पहिला. ४६६ गुणांचे मूल, जे अकरावे आहे, ते तिसरे दिसू लागले. पडद्यावर कुठेही चुकीची खूण उमटत नाही. वरच्या चार-पाच ओळी तर बऱ्यापैकी बरोबर वाटतात, म्हणून चूक नजरेतून सुटते. ओळखायचे कसे? गुण वेगळे आणि क्रमांक सारखा अशी एक जरी जोडी दिसली, तर सूत्र घसरले आहे असे समजावे.

दुसरी चूक टक्क्यांवर क्रमांक घालण्याची. ५०६ आणि ५०५ गुणांचे टक्के ८४.३३ आणि ८४.१७ होतात. पत्रकात पूर्णांकच दिसतील अशी मांडणी असेल तर दोघांपुढे ८४ दिसते, पण संगणक आतल्या पूर्ण आकड्यावर क्रमांक घालतो आणि दोघांना वेगळे क्रमांक देतो. पालकांना मात्र सारख्या टक्क्यांना वेगळे नंबर दिसतात आणि शंका येते. याउलट टक्के खरोखरच पूर्णांकात बदलून त्यावर क्रमांक घातला, तर नसलेली बरोबरी तयार होते आणि एका गुणाने पुढे असलेल्या मुलावर अन्याय होतो. म्हणून क्रमांक नेहमी एकूण गुणांवर घालावा, टक्के फक्त दाखवण्यासाठी ठेवावेत.

तिसरी चूक गैरहजर मुलांची. आजारपणामुळे संपूर्ण परीक्षेला न बसलेल्या मुलाच्या बेरजेत शून्य टाकले, तर सूत्र त्याला शेवटचा क्रमांक देऊन मोकळे होते. त्या मुलाचा क्रमांक शेवटचा नाही, त्याला क्रमांकच नाही. त्याच्या बेरजेच्या जागी "गै.ह." लिहावे. अक्षरे असलेला रकाना हे सूत्र मोजत नाही. पण याच गुणधर्माने एक धोकाही येतो. दुसऱ्या फाईलमधून चिकटवलेले आकडे कधी कधी अक्षरे म्हणून बसतात. दिसायला ५२७ असते, पण संगणक ते संख्या धरत नाही, आणि त्या मुलाबरोबर इतरांचेही क्रमांक बिघडतात. रकान्याला कोणतीही मांडणी दिलेली नसताना आकडा उजवीकडे न चिकटता डावीकडे चिकटलेला दिसला, तर तो अक्षर म्हणून बसला आहे हे ओळखावे.

शेवटची तपासणी

निकालपत्रकावर सही करण्याआधी मी एक लहानसा पडताळा करते, आणि तो प्रत्येक वर्गशिक्षकाने करावा असा माझा आग्रह आहे. सर्वांत शेवटचा क्रमांक घ्यायचा. त्या क्रमांकावर किती मुले आहेत ते मिळवायचे आणि एक वजा करायचा. परीक्षेला बसलेल्या मुलांची संख्या आली पाहिजे. आपल्या वर्गात शेवटचा क्रमांक १२, त्यावर एक मूल, १२ अधिक १ वजा १ म्हणजे १२. चाळीसच्या वर्गात शेवटचे दोघे समान असतील तर दोघांचाही क्रमांक ३९ हवा, ३९ अधिक २ वजा १ म्हणजे ४०. हेच प्रत्येक बरोबरीनंतर करता येते: सहाव्या क्रमांकावर तिघे, सहा अधिक तीन म्हणजे नऊ, पुढचा क्रमांक नववाच हवा. यात कुठे फरक पडला तर आकडा गाळायचा राहिला आहे किंवा जास्त गाळला गेला आहे.

त्या वडिलांना मी आठवड्याभराने बोलावून घेतले. दोन्ही प्रगतिपुस्तकांत "२ रा, विभागून" असे लिहून मुख्याध्यापकांची सही घेतली. त्यांच्या मुलीच्या मागे जी मुलगी होती तिचा चौथा क्रमांक बदलावा लागला नाही, कारण तिच्यापुढे आधीही तिघी होत्या आणि आताही तिघीच होत्या. तो बरोबर होता. चुकला होता फक्त तो तिसरा, जो त्या वर्गात कुणाचाच नव्हता.